वळिवाच्या रात्री टीव्ही गेला. आता स्टॅबिलायझर घेऊ की स्पाइक गार्ड?

जांबोटीकर (रविवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. आमचं घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं. गेल्या गुरुवारी संध्याकाळी वळीव झाला. वारं एवढं की समोरच्या आंब्याची फांदी तारांवर आली. करंट गेला नाही, उलट पाच-सात मिनिटं घरातले बल्ब नेहमीपेक्षा लखलखीत पेटले, पंखा गरगर फिरायला लागला. मी म्हटलं, चला, आज व्होल्टेज चांगलं आलंय. तेवढ्यात टीव्हीमागून फट्‌ असा आवाज आला, धूर आला आणि करपल्याचा वास सुटला. दोन बल्बही गेले. नवल म्हणजे शेजारच्या काकांच्या घरात त्याच वेळी बल्ब नुसता लाल दिसत होता, पेटल्यासारखाच नव्हता.

टीव्ही ४३ इंची एलईडी, तीन वर्षांचा. चांगल्या दुकानातून घेतलेला स्पाइक गार्ड लावलेला होता, तोही आतून काळा पडलाय. आता बोर्ड दुरुस्तीला दिलाय. दुकानदार म्हणतो स्टॅबिलायझर लावला असता तर वाचला असता. पोरगा म्हणतो एलईडीला स्टॅबिलायझर लागतच नाही. आमच्यात संध्याकाळी सातला व्होल्टेज इतकं पडतं की ट्यूबलाइट लागत नाही, ही गोष्ट खरी. कुणाचं ऐकू?

आण्णा_निपाणी (रविवार, रात्री ९:३२)

दुकानदाराचं ऐका. स्टॅबिलायझर नाही म्हणून गेला. आमच्याकडं १९९८ पासून अख्ख्या घराला ५ केव्हीएचा मेनलाइन स्टॅबिलायझर हाय. तीन टीव्ही झाले, एकही करंटानं गेला नाही. लो व्होल्टेजनंच टीव्ही मरतात. जुन्या टीव्हीत चित्र आखडून मध्यात यायचं ते आठवतं का? तोच त्रास आतल्या आत नव्या टीव्हीलाही होतो, फक्त दिसत नाही.

प्रणव_बीई (रविवार, रात्री ९:५०)

दिसत नाही कारण होत नाही. टीव्हीच्या पाठीवरचं लेबल वाचा, १००–२४० व्होल्ट लिहिलेलं असतं. १२० व्होल्टला पण चालतो.

आण्णा_निपाणी (रविवार, रात्री ९:५४)

लेबल कारखान्यात चिकटवतात, वीज निपाणीत येते. पुस्तकातलं सोड बाळा.

टेस्टर_मामा (रविवार, रात्री १०:४०)

जांबोटीकर, मी शहापुरात ३१ वर्षं टीव्ही दुरुस्त करतोय. तुमच्या लिहिण्यातच उत्तर आहे, पण ते तुमच्या प्रश्नात नाही.

तुमचा टीव्ही लो व्होल्टेजनं गेला नाही. पोरगा बरोबर सांगतोय, आणि लेबलही खोटं नाही. आताच्या टीव्हीत पहिलं काम असं होतं की आलेली एसी वीज सरळ डीसी करून एका मोठ्या कपॅसिटरमध्ये भरायची, आणि पुढचं सर्किट त्यातून लागेल तेवढी उचलतं. १५० व्होल्ट आले तर ते जरा जास्त वेळ उचलतं, टीव्हीला कळतही नाही. त्यामुळं सातच्या सुमाराला तुमची ट्यूब लागत नाही तेव्हा टीव्ही मजेत चालू असतो, हे तुम्हीही बघितलं असणार. आण्णा म्हणतात ते आखडणारं चित्र फार जुन्या सेटातलं. ते मीही पाहिलंय, त्या काळात स्टॅबिलायझरशिवाय टीव्ही विकला जात नव्हता. सवय तेव्हाची राहिली आहे.

तुमच्याकडं झालं ते वेगळं. बल्ब लखलखीत, पंखा जोरात आणि शेजाऱ्याचा बल्ब लाल, ही तिन्ही लक्षणं एकाच वेळी दिसली तर खांबावर वीज परत नेणारा न्यूट्रल तुटला, दुसरं काही नाही. फांदीनं न्यूट्रलची तार तोडली किंवा खांबावर तारा जोडणारा जंपर ढिला केला.

आता हे समजून घ्या, कारण यावरच सगळं ठरतं. टीसीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून, तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो. तुम्ही एका फेजवर, काका दुसऱ्या फेजवर. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, पण फेज ते फेज ४००. न्यूट्रल जागेवर असला की दोघांनाही आपापले २३० मिळतात. न्यूट्रल तुटला की तुमचं घर आणि काकांचं घर एकामागे एक जोडल्यासारखं होतं आणि ४०० व्होल्ट दोघांत वाटले जातात. वाटणी उलटी होते: ज्याच्याकडं लोड कमी, त्याला व्होल्टेज जास्त. समजा तुमच्याकडं टीव्ही आणि दोन बल्ब मिळून १०० वॅट, आणि काकांकडं २००० वॅटचा गीझर चालू. तिसरा फेज हिशेबात न धरता सोपं गणित केलं तर तुमच्या घरात सुमारे ३८० व्होल्ट येतात आणि काकांकडं २० राहतात. म्हणून त्यांचा बल्ब लाल.

३८० एसीचे टीव्हीच्या आत ५३५ च्या आसपास डीसी होतात. तिथला कपॅसिटर ४५० व्होल्टचा असतो, काही सेटात ४०० चा. तो फुगणारच. तुमच्या बोर्डाचं काय काय गेलंय ते कारागिराला विचारून लिहा, मग पुढं बोलू.

आणि पुढच्या वेळी बल्ब असे पेटले तर टीव्हीचं बटण शोधत बसू नका. मेन स्विच पाडा.

अनगोळची_सून (रविवार, रात्री ११:०५)

आमच्याकडं पण असंच झालं! मागच्या मेमध्ये गडगडाट झाला आणि सेट टॉप बॉक्स गेला. टीव्ही चालू होतो पण बॉक्स ज्या भोकात लावतो तेवढं बंद. दुसऱ्या भोकात लावलं तर चित्र येतं. मामा, आमचा पण न्यूट्रल तुटला होता का? आम्ही टीव्हीचं बटण बंद केलं होतं हो.

टेस्टर_मामा (रविवार, रात्री ११:२०)

ताई, तुमचं असंच नाही, तुमचं दुसरंच आहे. तुमच्याकडं वीज भिंतीतून आलीच नाही, गच्चीवरून आली. डिशच्या केबलमधून बॉक्समध्ये, बॉक्समधून एचडीएमआयच्या वायरीनं टीव्हीत. म्हणून टीव्हीचा पॉवर बोर्ड शाबूत आणि एकच पोर्ट मेला. जवळपास कुठं वीज पडली की लांब तारांमध्ये क्षणभर झटका उठतो, डिशची केबल त्यातलीच. बटण बंद करून काय होणार, बटण फक्त फेज तोडतं. आभाळ भरून आलं की प्लग उपसायचा आणि बॉक्सची डिशची केबलही फिरकी काढून सोडायची. पण डोक्यावर कडकडाट सुरू झाल्यावर केबलला हात लावायला जाऊ नका, ते आधी करायचं काम.

अनगोळची_सून (रविवार, रात्री ११:२६)

आमच्या सासूबाईंना हे तुम्हीच सांगा. मालिका चालू असताना प्लग उपसायचा म्हणजे घरात वेगळाच कडकडाट.

ऊसाचं_रान (सोमवार, सकाळी ६:१५)

मामा एक विचारतो. आमच्या चिकोडीकडं रानात मोटारीला थ्री फेज येतो तेव्हा व्होल्टेज १७० ला पडतंय. ५ एचपीची मोटार दोनदा रिवाइंड केली. तिला टीव्हीचा स्टॅबिलायझर चालंल का, मोठा असला तर?

टेस्टर_मामा (सोमवार, सकाळी ७:४०)

नाही ओ. मोटारीचं गणित टीव्हीच्या बरोबर उलटं. टीव्हीला कमी व्होल्टेज चालतं, मोटारीला तेच मारतं. व्होल्टेज पडलं की ती ॲम्पिअर जास्त ओढते आणि वाइंडिंग तापतं. फ्रिजचा कंप्रेसरही मोटारच, म्हणून फ्रिजचा स्टॅबिलायझर मी कुणाला काढायला सांगत नाही. तुमच्या स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले मोटारीच्या प्लेटवरच्या ॲम्पिअरला लावलाय का ते बघा. बऱ्याच ठिकाणी तो सारखा पडतो म्हणून वायरमननं शेवटपर्यंत फिरवून ठेवलेला असतो. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथं टीव्हीवाले बुचकळ्यात पडतील.

गडहिंग्लज_ते_बेळगाव (सोमवार, सकाळी १०:०२)

आमच्याकडे टीसी म्हटलं की रेल्वेतला आठवतो, आम्ही डीपी म्हणतो :) असो.

मामांच्या पोस्टवरून मीही काल माझा स्पाइक गार्ड उघडला. पाच पिनांचे चार सॉकेट, लाल दिवा, फ्यूज, आणि... बस. आत दुसरं काहीच नाही. म्हणजे ही नुसती एक्स्टेन्शन बोर्डाची पट्टी. पाकिटावर मात्र विजेचा बाण काढलाय केवढा. आत नक्की काय असायला हवं?

प्रणव_बीई (सोमवार, सकाळी १०:३०)

एमओव्ही. निळी किंवा पिवळी गोल चकती, एक रुपयाच्या नाण्याएवढी किंवा लहान. वर ४३१ किंवा ४७१ असा आकडा असतो. ४३१ वाली कायम २७५ व्होल्ट एसी सोसते, ४७१ वाली ३००. त्याच्या फार वर झटका आला की ती वाहती होते आणि झटका स्वतःवर घेते. चांगल्या गार्डात अशा तीन असतात: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ.

जांबोटीकर (सोमवार, रात्री ८:४५)

आज खानापूरला जाऊन आलो. कारागिरानं काय सांगितलं ते लिहितो. बोर्डावरचा काचेचा फ्यूज आतून काळाकुट्ट. त्याच्या शेजारची निळी चकती दोन तुकडे. मोठा कपॅसिटर ४५० व्होल्टचा, त्याचं डोकं फुगून फाटलंय. आणि एक आयसी शॉर्ट. पण म्हणाला पॅनल आणि मेन बोर्ड चांगलेत, टीव्ही वाचेल.

माझा स्पाइक गार्डही त्याच्याकडं उघडला. त्यात चकती होती, कोळसा झालेली. मग मामा, गार्ड खोटा नव्हता ना? तरी का नाही वाचवलं?

टेस्टर_मामा (सोमवार, रात्री ९:५५)

गार्ड खरा होता, त्याला काम भलतंच मिळालं. ती चकती क्षणाचा झटका पिण्यासाठी असते. क्षण म्हणजे डोळ्याची पापणी लवायला लागतो त्या वेळाचा हजारावा भाग. तुमच्याकडं ३५०-३८० व्होल्ट पाच मिनिटं होते. पन्हाळीनं पावसाची सर वाहून जाते, धरणाचं पाणी सोडलं तर पन्हाळीच जाते. चकती आधी तापली, मग जळाली, जळून तुटली आणि टीव्ही उघडा पडला. नशीब की पट्टीला आग लागली नाही. असल्या गार्डावर पडदा, वर्तमानपत्रं, क्रोशाची झालर टाकू नये, ते यासाठी.

आता स्टॅबिलायझर. टीव्हीच्या स्टॅबिलायझरवर ९० ते २९० असं लिहिलेलं असतं. म्हणजे त्या मर्यादेत तो आतली टक-टक करणारी रिले बदलून बाहेर साधारण २०० ते २४० देतो, आणि त्याच्यावर गेलं की हाय कट, बाहेरचं बंद. तुमच्या प्रसंगात उपयोगाचं होतं ते एवढं हाय कटच, बाकी खाली-वर करणं टीव्हीला लागत नाही. दुकानदार चुकीच्या कारणानं अर्धं बरोबर बोलला. पण एक अडचण आहे. ३८० व्होल्ट आले की टीव्ही तोडला गेला तरी स्टॅबिलायझर स्वतः लाइनवरच राहतो. त्याचा ट्रान्सफॉर्मर गुरगुरायला लागतो, तापतो. माझ्याकडं असे जळालेले स्टॅबिलायझर येतात, आणि त्यातल्या निम्म्यांचे मालक खूश असतात, कारण टीव्ही वाचलेला असतो. काही स्वस्तातल्यांत हाय कट नावालाच असतो, त्यांचे मालक दोन्ही घेऊन येतात.

आणि तो झटका, म्हणजे क्षणाचा, स्टॅबिलायझरला अडवता येत नाही. रिले हलेपर्यंत झटका येऊन गेलेलाही असतो.

म्हणून माझं म्हणणं, तुमच्या भागाला टीव्हीपुरतं काही घेण्यापेक्षा मेन बोर्डात व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा. एमसीबीच्या रांगेत बसतो, आकड्यांची पाटी असते. वरची आणि खालची मर्यादा आपण लावायची, बाहेर गेलं की सेकंदाच्या आत अख्खं घर तोडतो, ठीक झाल्यावर लावलेल्या वेळानं परत जोडतो. घेताना तो स्वतः ४०० व्होल्ट सोसतो असं लिहिलेलं बघा. आणि टीव्हीजवळ खरा स्पाइक गार्ड असू द्या. मग चकतीवर धरणाचं पाणी येत नाही, फक्त सर येते.

आण्णा_निपाणी (सोमवार, रात्री १०:१५)

म्हणजे माझा मेनलाइन स्टॅबिलायझर काय वाईट? त्यात हाय कट हायच की.

टेस्टर_मामा (सोमवार, रात्री १०:२२)

वाईट कुठं म्हटलं आण्णा. तुमचा जुना जड गडी आहे, हाय कट चालू आहे म्हणून तुमचे टीव्ही टिकले. फक्त श्रेय तुम्ही लो व्होल्टेजवाल्या रिलेला देताय. आणि तुमच्याकडं न्यूट्रल कधी तुटलाच नसेल, हेही असू शकतं.

आण्णा_निपाणी (सोमवार, रात्री १०:२६)

तुटला असंल नसंल. टीव्ही गेला नाही, एवढं मला माहीत. मी काढणार नाही.

अनगोळची_सून (मंगळवार, दुपारी २:१०)

आमचा टीव्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर हाय. मग त्याला काही लागणार नाही ना?

प्रणव_बीई (मंगळवार, दुपारी ३:००)

इन्व्हर्टरच्या मागं किंवा पुढं एक खटका असतो, यूपीएस आणि नॉर्मल. यूपीएसवर असेल तर साधारण १८० ते २६० च्या बाहेर तो मेन सोडून बॅटरीवर जातो. म्हणजे हाय कट फुकटात मिळतो. नॉर्मलवर असेल तर २९० पर्यंत तसंच पुढं ढकलतो. पण तुमच्याकडं संध्याकाळी १७० येत असेल तर यूपीएसवर ठेवल्यावर तो रोज बॅटरीवर पळेल आणि बॅटरी पुरी चार्ज होणार नाही. मोजून ठरवा. डिशच्या केबलशी याचा संबंध नाही.

जांबोटीकर (बुधवार, रात्री १०:३०)

प्रोटेक्टर आणला. बसवण्याआधी मल्टिमीटरनं दोन दिवस मोजलं.

सकाळी ७ ला २२८. संध्याकाळी ७ ला १६८. रात्री साडेअकराला २५८. आमचं घर टीसीपासून तिसऱ्या खांबावर हाय.

टीव्हीच्या सॉकेटला फेज-न्यूट्रल २२८, फेज-अर्थ २२८, न्यूट्रल-अर्थ बरोबर शून्य. म्हणजे अर्थिंग एक नंबर हाय. गार्डला तेवढं पुरे ना? आणि मर्यादा किती लावू?

टेस्टर_मामा (बुधवार, रात्री ११:१५)

रात्रीचे २५८ मला पटतात. लाइनच्या शेवटच्या घराला संध्याकाळी निदान बल्ब पेटावा म्हणून टीसीकडून व्होल्टेज चढं ठेवलेलं असतं. रात्री गावचा लोड उतरला की जवळच्या घरांना ते चढंच मिळतं. २३० च्या थोडं वर नियमात चालतं. तुम्ही त्याच्या बाहेर आहात. वरची मर्यादा २६५ लावा. त्याचे आत ३७५ डीसी होतात, कपॅसिटरला जागा राहते. खालची फ्रिजसाठी १६० ठेवा, परत जोडायची वेळ तीन मिनिटं, तीही कंप्रेसरसाठी. टीव्हीला तीन सेकंद पुरले असते.

ते शून्य मात्र मला आवडलं नाही.

चांगल्या अर्थिंगलाही न्यूट्रल-अर्थमध्ये थोडं दिसतं, एखादा व्होल्ट, दोन, तीन, कारण न्यूट्रलमधून करंट जातो आणि अर्थमधून जात नाही. एक करा: त्याच बोर्डावर इस्त्री लावा आणि पुन्हा मोजा. आकडा हलला तर बरं. हलला नाही, शून्यच राहिला, तर मेन पाडून, टेस्टरनं दोनदा बघून, सॉकेट उघडा.

प्रणव_बीई (बुधवार, रात्री ११:३१)

आणि अर्थ मुळात जोडलेलाच नसेल तर उलटं दिसतं. मीटर १००-११५ असं काहीतरी अधांतरी दाखवतो. तीन पिनांच्या प्लगच्या यंत्राच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात तेही त्यामुळंच.

गडहिंग्लज_ते_बेळगाव (बुधवार, रात्री ११:४०)

झिणझिण्या! मला वाटायचं माझ्याच अंगात वीज आहे. उद्या बघतो.

जांबोटीकर (गुरुवार, रात्री ८:०५)

मामा, हात जोडतो.

इस्त्री लावली, शून्यच राहिलं. मेन पाडून सॉकेट उघडलं तर न्यूट्रलच्या पिनेपासून अर्थच्या पिनेपर्यंत एक छोटी लाल वायर टाकलेली. अर्थची हिरवी वायर भिंतीतून आलेलीच नाही. घर बांधताना वायरमननं तसं केलंय, चारही थ्री-पिन सॉकेटांत. यानं काय झालं असतं?

टेस्टर_मामा (गुरुवार, रात्री ८:४०)

ही लबाडी जुनी आहे. तपासणारा टेस्ट लॅम्प लावतो, दिवा लागतो, सगळे खूश. पण गुरुवारसारखा न्यूट्रल खांबावर तुटला की घरातल्या न्यूट्रलवर व्होल्टेज चढतं, आणि त्या लाल वायरीतून ते फ्रिजच्या दारावर, इस्त्रीच्या पत्र्यावर, वॉशिंग मशीनच्या अंगावर येतं. टीव्ही गेला हे फार स्वस्तात झालं. त्या पाच मिनिटांत घरात कुणी फ्रिज उघडला नाही, एवढंच.

आजच्या आज चारही वायरी काढा. अर्थ येईपर्यंत ती पिन मोकळी राहिली तरी चालेल, इस्त्री आणि मशीन तेवढे दिवस वापरू नका. टीव्हीचा प्लग दोन पिनांचाच असेल, त्याचं अडत नाही. गार्डच्या तीन चकत्यांपैकी फेज-न्यूट्रलवाली अर्थशिवायही काम करते, उरलेल्या दोन अर्थ मिळेपर्यंत शोभेच्या.

जांबोटीकर (गुरुवार, रात्री ९:००)

काढल्या. बायको म्हणते गुरुवारी ती फ्रिजमधून दूध काढायला उठलीच होती, पंखा एवढा का फिरतोय बघायला थांबली.

आण्णा_निपाणी (गुरुवार, रात्री ९:२०)

अरे देवा. मी पण उद्या सॉकेट उघडतो. आमची वायरिंग १९९८ चीच हाय.

ऊसाचं_रान (शुक्रवार, सकाळी ६:४०)

अर्थिंगचा खड्डा किती खोल पाहिजे? आमच्याकडं काळी जमीन, मीठ-कोळसा टाकून पाइप पुरला होता सहा वर्षांमागं.

टेस्टर_मामा (शुक्रवार, सकाळी ८:१०)

काळ्या रानात सोपं जातं, ओल धरून ठेवते. पण सहा वर्षांत मिठानं पाइप खाल्ला असणार, वरची नटाची जोडणी तर नक्कीच. उघडून घासून बघा. खरा त्रास खानापूरकडं, तिथं जांभा दगड. पावसाळ्यात झकास, एप्रिल-मेमध्ये कोरडा ठणठणीत, आणि वळीव नेमका तेव्हाच येतो. जांबोटीकर, तुम्ही आठ-दहा फुटांचा पाइप घाला, न्हाणीच्या सांडपाण्याजवळ, म्हणजे उन्हाळ्यातही ओल राहील. वरून पाणी घालायला तोंड ठेवा.

गडहिंग्लज_ते_बेळगाव (शुक्रवार, सकाळी ११:२५)

माझ्याकडे न्यूट्रल-अर्थ १०८. अर्थ वायर बोर्डात आली आहे, पण खाली मीटरपाशी कुणी जोडलीच नाही. झिणझिण्यांचा उलगडा झाला.

जळालेल्या टीव्हीची भरपाई मिळते का पण? वॉरंटीत बसतं का? कुणी अर्ज केलाय?

प्रणव_बीई (शुक्रवार, दुपारी १२:००)

वॉरंटी कार्डातल्या अपवादांत व्होल्टेजमुळं झालेलं नुकसान बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. आपापलं कार्ड वाचा.

जांबोटीकर (शुक्रवार, दुपारी १२:४०)

आमच्या गावच्या तिघांनी मिळून अर्ज दिलाय. पोच घेतली. पुढं काय होतंय बघू.

जांबोटीकर (पुढचा गुरुवार, सकाळी ७:२०)

टीव्ही परत आला, चालतोय. प्रोटेक्टर बसवला, खड्डा झाला. पाइप नऊ फूट गेला, खाली जांभ्यानं दम काढला. आता इस्त्री लावल्यावर न्यूट्रल-अर्थ १.८ दिसतं, नाही तर ०.६.

पण नवी भानगड. काल रात्री प्रोटेक्टर तीनदा पडला. पाटीवर २६७, मग २६९. दर वेळी तीन मिनिटं अंधार. घरचे म्हणतात मर्यादा २९० करून टाक.

टेस्टर_मामा (गुरुवार, सकाळी ९:०५)

२९० करू नका, मग तो शोभेला राहील. फार तर २७०. त्याच्यावर गेलं तर दोष प्रोटेक्टरचा नाही, लाइनचा आहे. तसं असलं तर न्यूट्रलचा जंपर पुन्हा ढिला आहे का, हीही शंका घ्यायला हवी. रात्री काकांच्या घरी त्याच वेळी मोजा. तुमच्याकडं चढतं तेव्हा त्यांच्याकडं पडत असेल तर जंपर. दोघांकडंही चढत असेल तर टीसीकडून चढं आहे. आठ दिवसांचे आकडे वेळेसकट वहीत लिहा आणि ते घेऊन सेक्शन ऑफिसला जा. नुसतं ‘व्होल्टेज जास्त येतं’ म्हटलं तर कुणी खांबावर चढत नाही. आणि तुम्हीही चढू नका.

आण्णा_निपाणी (गुरुवार, सकाळी ९:४०)

माझ्या सहा सॉकेटांपैकी दोनमध्ये तसली वायर निघाली. स्टॅबिलायझर मात्र काढणार नाही.

जांबोटीकर (गुरुवार, रात्री ११:५२)

काका अजून जागे होते म्हणून जमलं. ११:४० ला आमच्याकडं २६८, त्यांच्याकडं २०४. ११:४५ ला त्यांनी पाण्याची मोटार लावली, आमच्याकडं २७८ झालं आणि घर पडलं. अंधारात बसून मोबाइलवर लिहितोय. उद्या सकाळी लाइनमनला घेऊन येतो.